दुपारी चारची कॉफी रात्री किती उरते?

पिंपरी-चिंचवड, चाकण भागात पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांना पहाटे कंपनीची बस गाठायची असते, म्हणून रात्री १० ला झोपावे लागते. शिफ्ट सुटल्यावर चारच्या सुमारास दोन मित्र एकत्र कॉफी पितात. एकाला रात्री गाढ झोप लागते, दुसरा बारापर्यंत कूस बदलत राहतो. कॉफी तीच, मग फरक कशामुळे?

शरीरातले निम्मे कॅफीन संपायला निरोगी माणसाला सरासरी ५ तास लागतात, पण काहींना २-३ तास पुरतात, तर काहींना ८-९ तासही लागतात. समजा, कपात ८० मिलिग्रॅम कॅफीन होते. ज्याचे निम्मे ३ तासांत संपते, त्याच्या शरीरात रात्री १० वाजता २० मिलिग्रॅम उरेल. ज्याला ८ तास लागतात, त्याच्याकडे ४८ उरेल. म्हणजे हा दुसरा मित्र अर्ध्या कपाहून जास्त कॉफी पोटात घेऊनच अंथरुणावर पडतो.

कॅफीन मोडण्याचे बहुतेक काम यकृतातले सीवायपी१ए२ नावाचे एन्झाइम करते. ते किती जोमाने काम करील, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर बरेचसे ठरते. शिवाय मेंदूतल्या ज्या जागी कॅफीन जाऊन झोपेचा संदेश अडवते, त्या जागेच्या जनुकातही फरक असतात. त्यामुळे तेवढ्याच कॅफीनने एखाद्याची झोप जास्त उडते.

मात्र सगळे जनुकांवर ढकलू नका. सिगारेट-विडीच्या धुराने हे एन्झाइम वेगवान होते. सिगारेट सोडल्यावर ते मंदावते आणि नेहमीचीच कॉफी जड जाऊ लागते. बेचैनी वाढली की लोक त्याचा दोष सिगारेट सोडण्याला देतात आणि पुन्हा ओढू लागतात, हे मला फार खटकते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन घेताना कॅफीन बराच जास्त वेळ टिकते.

जनुकांच्या तपासणीवर पैसे घालवायची गरज नाही. दोन आठवडे झोपेच्या आधीच्या १० तासांत कॉफी आणि चहा दोन्ही बंद ठेवा. झोप लागायला किती वेळ गेला, रात्री कितीदा जाग आली, हे रोज लिहा. रोज बरेच कप पीत असाल तर आधी थोडे थोडे कमी करा. एकदम सोडल्यास पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते. सेकंड शिफ्टवाल्यांनी घड्याळाकडे पाहू नये, आपल्या झोपेच्या वेळेपासून मागे तास मोजावेत. "मला कॉफी पिऊनही झोप लागते" म्हणणाऱ्यांनीसुद्धा हे करून पाहावे, कारण झोप लागली तरी कॅफीनमुळे ती उथळ राहू शकते. दोन आठवड्यांनीही फरक पडला नाही, किंवा घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे कारण कॉफीचे नसण्याचीच शक्यता जास्त.