मान पैशाला की शिक्षणाला? ४५ ओळींचा हिशोब

एखाद्या व्यवसायाला समाजात मान मिळतो तो त्यातल्या पैशामुळे की त्यासाठी लागणाऱ्या शिक्षणामुळे? कट्ट्यावर हा वाद रात्रभर चालेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ओटिस डडली डंकन यांच्यापुढे तो १९६१ मध्ये एका व्यावहारिक अडचणीच्या रूपाने आला. कोणत्या व्यवसायाला लोक किती मानतात याची पाहणी १९४७ मध्ये झाली होती, पण तिच्यात मोजकेच व्यवसाय होते. जनगणनेत मात्र शेकडो होते. जनगणनेतल्या उत्पन्नाच्या आणि शिक्षणाच्या आकड्यांवरून उरलेल्या व्यवसायांची प्रतिष्ठा ताडता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी दोन्हीकडे जुळणारे ४५ व्यवसाय त्यांनी घेतले.

तक्ता साधा आहे. प्रत्येक ओळीत एक व्यवसाय. पहिला रकाना उत्पन्नाचा: १९५० च्या जनगणनेनुसार त्या व्यवसायातल्या किती टक्के पुरुषांची वार्षिक कमाई ३५०० डॉलर किंवा त्याहून जास्त होती. दुसरा शिक्षणाचा: किती टक्के पुरुष हायस्कूल पूर्ण केलेले होते. तिसरा प्रतिष्ठेचा: पाहणीतल्या किती टक्के लोकांनी त्या व्यवसायाला ‘चांगला’ किंवा त्याहून वरचा दर्जा दिला. डॉक्टरचे आकडे ७६, ९७, ९७. कोळसा खाणकामगाराचे ७, ७, १५. हा तक्ता आज R या संगणकप्रणालीच्या carData संचात Duncan या नावाने कोणालाही मिळतो, आणि रिग्रेशन शिकवताना तो आजही वापरला जातो. त्याची कारणे पुढे दिसतीलच.

आधी उत्पन्न एकटे घेऊ. आलेखकागदावर आडवे उत्पन्न, उभी प्रतिष्ठा आणि ४५ ठिपके. या ठिपक्यांमधून अशी सरळ रेषा काढायची की प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून, त्याचा वर्ग करून, सगळे वर्ग मिळवले तर बेरीज कमीत कमी यावी. हेच साधे रिग्रेशन. रेषा अशी येते:

प्रतिष्ठा = २.४६ + १.०८ × उत्पन्न

यातला १.०८ हा सहगुणक. ज्या व्यवसायात चांगली कमाई असलेल्यांचे प्रमाण १० अंकांनी जास्त, त्याची प्रतिष्ठा सरासरीने सुमारे ११ अंकांनी जास्त, एवढेच तो सांगतो. एखाद्याचा पगार वाढवला तर त्याचा मान वाढेल, असे तो म्हणत नाही. इथे ओळ माणसाची नाही, व्यवसायाची आहे, आणि तुलना एका व्यवसायाची दुसऱ्याशी आहे.

आता शिक्षणही बरोबर घेतले की ते बहुचल रिग्रेशन होते:

प्रतिष्ठा = −६.०६ + ०.६० × उत्पन्न + ०.५५ × शिक्षण

सुरुवातीचा उणे ६ पाहून दचकायला नको. उत्पन्न आणि शिक्षण दोन्ही शून्य असलेला व्यवसाय या तक्त्यात नाहीच. तो आकडा फक्त प्रतल योग्य उंचीवर ठेवण्यासाठी लागतो. खरा प्रश्न दुसरा आहे. तक्ता तोच, लोक तेच, मग उत्पन्नाचा सहगुणक १.०८ वरून ०.६० वर का आला?

कारण जास्त कमाईचे व्यवसाय बहुतेक जास्त शिकलेल्यांचेही आहेत. या ४५ व्यवसायांत उत्पन्न १ अंकाने वाढले की शिक्षण सरासरी ०.८८ अंकाने वाढलेले दिसते. उत्पन्न एकटे असताना शिक्षणाचे श्रेयही त्याच्याच खात्यात जमा होत होते. ते किती, हे मोजताही येते: ०.८८ ला ०.५५ ने गुणले की ०.४८. त्यात उत्पन्नाचे स्वतःचे ०.६० मिळवा, १.०८ परत हजर. म्हणून बहुचल रिग्रेशनमधला सहगुणक वाचताना एक अट कायम उच्चारावी लागते. शिक्षणाचे प्रमाण सारखे असलेल्या दोन व्यवसायांत उत्पन्न १० अंकांनी जास्त असेल, तर प्रतिष्ठा सरासरी ६ अंकांनी जास्त. ‘शिक्षण सारखे असताना’ हे शब्द गाळले की वाक्य चुकीचे होते.

संगणक या ०.६० शेजारी ०.१२ ही प्रमाणत्रुटी छापतो. तिच्यावरून ९५ टक्के विश्वासाचा पल्ला साधारण ०.३६ ते ०.८४ असा येतो. शिक्षणाचा पल्ला ०.३५ ते ०.७४. प्रतिष्ठेतल्या चढउताराचा ८३ टक्के भाग या दोन गोष्टींशी जुळतो. पैसा आणि शिक्षण यांचे वजन जवळपास सारखे, असा निकाल देऊन अनेक अहवाल इथेच थांबतात.

पण हे पल्ले काही गृहीतकांवर उभे आहेत. संबंध सरळ रेषेचा असावा. रेषेला न जुळलेला भाग, म्हणजे अवशेष, विखुरलेला असावा. त्यात कसलाही आकृतिबंध नसावा. त्याचा पसरटपणा सगळीकडे साधारण सारखा असावा, आणि निकाल एखाद-दुसऱ्या ओळीच्या हातात नसावा. शेवटची गोष्ट पुस्तकी यादीत बहुधा नसते, पण तक्ता लहान असला की सर्वांत आधी तीच पाहावी लागते. हे सगळे तपासायचे तर अवशेष व्यवसायाच्या नावासकट मांडून पाहणे हा मार्ग आहे.

पहिलाच नजरेत भरतो तो पाद्री. उत्पन्न २१, शिक्षण ८४, म्हणून सूत्र त्याला ५२ देते. लोकांनी दिले ८७. फरक अधिक ३५. उलट टोकाला वार्ताहर: सूत्र म्हणते ८२, लोक म्हणतात ५२. फरक उणे ३०. आणि रेल्वेचा कंडक्टर: उत्पन्न ७६, शिक्षण फक्त ३४, सूत्राचे ५८, लोकांचे ३८.

तिघेही चुकले, पण तिघांचा उपद्रव सारखा नाही. वार्ताहराचे उत्पन्न ६७ आणि शिक्षण ८७. त्याच्यासारखी जोडी असलेले इंजिनिअर, प्राध्यापक, केमिस्ट असे अनेक व्यवसाय आजूबाजूला आहेत, त्यामुळे त्याची ओढ गर्दीत विरून जाते. पाद्री आणि कंडक्टर मात्र कडेला आहेत, एक भरपूर शिकलेला पण कमी कमावणारा, दुसरा नेमका उलटा. सी-सॉच्या टोकाला बसलेले किरकोळ पोरही फळी झुकवते, तसा कडेचा ठिपका प्रतल आपल्याकडे ओढतो. अंतरांचा वर्ग होत असल्याने ही ओढ आणखी वाढते. कडेला असणे आणि रेषेपासून दूर असणे या दोन्हींचा एकत्रित हिशोब ‘कुकचे अंतर’ हे माप करते. पाद्र्याचे ते ०.५७ येते, कंडक्टरचे ०.२२.

दुर्दैवाने दोघे एकाच दिशेने ओढतात. पाद्री कमी पैशात मोठा मान मिळवतो, कंडक्टर भरपूर पैशातही मिळवत नाही. दोघांमुळे पैशाचे वजन घटते आणि शिक्षणाचे वाढते. एकट्या पाद्र्याला वगळून गणित पुन्हा केले तर उत्पन्नाचा सहगुणक ०.७३ आणि शिक्षणाचा ०.४३ होतो. कंडक्टरलाही वगळले की ०.८७ आणि ०.३३. ‘दोन्ही सारखे’ हा निकाल ‘पैशाचे वजन अडीचपट’ असा पालटला, आणि त्यासाठी ४५ पैकी दोन ओळी पुरल्या.

मग त्यांना काढून टाकायचे का? जुळणी सुधारते म्हणून ओळी काढणे हा आपल्याला हवा तो निकाल लावण्याचा सोपा रस्ता आहे. पाद्र्याचा आकडा चुकून टाइप झालेला नाही. धर्मकार्याला मिळणारा मान पैशात मोजला जात नाही, ही समाजातली खरी गोष्ट तो सांगतो. आकडा नोंदवण्यात चूक सापडली तर ती दुरुस्त करावी. चूक नसेल तर दोन्ही निकाल शेजारी-शेजारी छापावेत.

नावांसकट अवशेष पाहण्याचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. तक्त्यात व्यवसायाच्या प्रकाराचाही एक रकाना आहे: १८ व्यावसायिक व व्यवस्थापकीय, २१ अंगमेहनतीचे आणि ६ पांढरपेशे. हे सहा म्हणजे वार्ताहर, कंडक्टर, हिशेबनीस, पोस्टमन, विमा एजंट आणि दुकानातला कारकून. त्यांचे अवशेष ओळीने पाहा: उणे ३०, उणे २०, उणे १२, उणे १९, उणे २५, उणे २३. सहाच्या सहा उणे. अवशेषांत आकृतिबंध नसावा हे गृहीतक इथे उघडच मोडले. वार्ताहर आणि कंडक्टर हे सुटे अपवाद नव्हते. त्यांच्या अख्ख्या गटाला उत्पन्न आणि शिक्षण पाहून अपेक्षित धरावा त्यापेक्षा कमी मान मिळत होता.

प्रकाराचा रकाना सूत्रात घेतला तर उत्पन्नाचा सहगुणक ०.६० वरच राहतो, शिक्षणाचा मात्र ०.५५ वरून ०.३५ वर उतरतो. पांढरपेशे व्यवसाय त्याच उत्पन्नाच्या आणि शिक्षणाच्या अंगमेहनतीच्या व्यवसायांपेक्षा सुमारे १५ अंकांनी खाली दिसतात, व्यावसायिक १७ अंकांनी वर. जुळणी ९१ टक्क्यांवर जाते. शिक्षणाच्या खात्यावर जे जमा दिसत होते, त्यातले बरेचसे व्यावसायिक गटाचे होते. उत्पन्नाच्या बाबतीत आधी घडले तेच इथे शिक्षणाच्या बाबतीत घडले.

पसरटपणाची तपासणीही थोडक्यात करून टाकू. दंतवैद्य, वकील, डॉक्टर किंवा टॅक्सीचालक, झाडूवाला अशा टोकांच्या व्यवसायांत सूत्र बहुधा थोडक्याने चुकते. मधल्या पट्ट्यात २०–२५ अंकांनी. टक्केवारी ० च्या खाली आणि १०० च्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे टोकांना चुकायला जागाच कमी उरते. तेव्हा ०.१२ ही प्रमाणत्रुटी अंदाजे मानावी, दोन दशांश स्थळांपर्यंत तिच्यावर विसंबू नये.

एवढे झाल्यावर या ४५ ओळींवरून काय म्हणता येते? १९४७–५० च्या अमेरिकेत, पुरुषांच्या आकड्यांवरून, उत्पन्न आणि शिक्षण दोन्हींचा प्रतिष्ठेशी स्वतंत्र संबंध दिसतो. दोन्ही सहगुणक कोणत्याही हिशोबात अधिकच राहतात. दोहोंत वरचढ कोण याचे उत्तर हा तक्ता देऊ शकत नाही, कारण ते पाद्र्याला ठेवण्या-काढण्यावर आणि व्यवसायाचा प्रकार धरण्या-न धरण्यावर बदलते. पांढरपेशांबद्दलचा निष्कर्ष सहा ओळींवर उभा आहे आणि तोही अवशेष पाहिल्यानंतर सुचलेला. ज्या आकड्यांतून तो सुचला त्याच आकड्यांवर तो सिद्ध होत नाही. त्यासाठी दुसरा, अधिक पांढरपेशे व्यवसाय असलेला तक्ता लागेल.