रात्री दोनचा बॅकअप, दुपारी चारचा घोळ

डीबीए, म्हणजे कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा माणूस, नेमायचा असतो आणि मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरने स्वतः कधी डेटाबेसला हात लावलेला नसतो. मध्यम आकाराच्या कंपन्यांत हे सर्रास घडतं. मग इंटरनेटवरून प्रश्नोत्तरांची यादी काढली जाते. उमेदवारानेही तीच पाठ केलेली असते. 'रेप्लिकेशन', 'शार्डिंग', 'इंडेक्सिंग' असे शब्द कानावर पडत राहतात, मॅनेजर मान डोलावतो आणि सफाईने बोलणारा पास होतो.

त्यापेक्षा ज्याचा निकाल आपल्यालाही कळतो, असा एकच विषय धरून खोलात जावं. डीबीएच्या कामात तो विषय म्हणजे बॅकअप. आतली यंत्रणा ठाऊक नसली, तरी डेटा परत आला का, किती वेळात आला आणि किती गेला, हे कुणालाही समजतं.

प्रश्न साधा ठेवा. "रोज रात्री दोनला बॅकअप होतो. आज दुपारी चारला कुणीतरी चुकून ऑर्डरचं टेबल उडवलं. आपलं किती गेलं?"

"बॅकअप आहे ना सर, काही जाणार नाही," म्हणणारा इथेच अडकतो, कारण दोननंतरच्या चौदा तासांतल्या ऑर्डरी त्या बॅकअपमध्ये नाहीतच. "जोडीच्या सर्व्हरवरून घेऊ," हे उत्तरही फसवं आहे. तो सर्व्हर मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल करत असतो. टेबल इथे उडालं की बहुधा काही क्षणांत तिथेही उडतं. "चौदा तासांचा डेटा जाईल," म्हणणाऱ्याने निदान हिशेब केला.

मुरलेला माणूस आधी उलट विचारतो, "लॉग दुसरीकडे साठवता का?" डेटाबेस प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये करत असतो. ते लॉग जपलेले असतील, तर रात्रीचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवून त्यावर पुढचे बदल क्रमाने चढवता येतात आणि टेबल उडण्याच्या जेमतेम आधी थांबता येतं. थांबायचं चुकलं तर टेबल पुन्हा उडतं. शिवाय चारनंतर इतर टेबलांत झालेल्या नोंदींचं काय करायचं, हा गुंता उरतोच. हे सगळं त्याला वेळेसकट कागदावर काढून दाखवायला सांगा. एखादी पायरी गाळली गेली की आपल्यालाही "इथून इथे कसे आलात?" असं विचारता येतं.

यानंतर एक खरी घटना पुढे ठेवावी. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरने जोडीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायच्या ऐवजी मुख्य सर्व्हरवरचाच पुसला. सुमारे 300 जीबी डेटा होता; थांबवेपर्यंत साधारण साडेचार जीबी उरला. रोजचे बॅकअप शोधले तर सापडेनात. बॅकअप घेणाऱ्या `pg_dump` ची आवृत्ती जुनी, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे बॅकअप दर वेळी फसत होता. तशी सूचना देणारे ईमेलही मेल सर्व्हर परत पाठवत होता, त्यामुळे ती कुणाला मिळालीच नाही. त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी कुणी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर निभावलं. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीर केलं आहे.

एवढं सांगून विचारा, "तुम्ही तिथे असता तर आधी काय बदललं असतं?" उथळ उत्तर त्या इंजिनिअरवर घसरतं: परवानग्या काढा, जास्त काळजी घ्या. जाणकाराचं लक्ष त्या न आलेल्या ईमेलकडे जातं. 'तक्रार आली नाही, म्हणजे सगळं ठीक' ही धारणाच तो मोडतो. रोज सकाळी बॅकअपच्या फाइलची तारीख आणि आकार कोण बघतो, शेवटचा बॅकअप खरोखर उतरवून कधी पाहिला, त्याला किती तास लागले, हे तो विचारतो. मग त्यालाच विचारा, "तुम्ही स्वतः शेवटचा कधी उतरवला होता?" इथे 'आम्ही' म्हणणाऱ्याला 'त्यातलं तुमच्या हातून काय झालं?' असं जरूर विचारा. "ते काम दुसरी टीम करायची," असं सरळ सांगणारा माणूस गोलगोल बोलणाऱ्यापेक्षा बरा.

या पद्धतीला मर्यादा आहे. संथ चालणारी क्वेरी वेगवान करण्याचं कसब यातून कळत नाही, आणि मितभाषी माणसावर अन्यायही होऊ शकतो. म्हणून प्रत्येकाला तेच प्रश्न, तेवढाच वेळ द्या आणि उत्तरं शब्दशः उतरवून घ्या. 'छान बोलला' असा शेरा नको. ती पानं नावं झाकून बाहेरच्या एखाद्या अनुभवी डीबीएला दाखवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. ऑफर लेटर त्यानंतरच काढा.