योगायोगाचा हिशेब

दोन भाषांत सारख्या रूपाचे आणि सारख्या अर्थाचे काही शब्द सापडले, म्हणून त्या भाषा एका कुळातल्या ठरत नाहीत. तमिळमध्ये ‘तू’ला ‘नी’ म्हणतात आणि मँडरिन चिनीतही ‘नी’च म्हणतात. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट आणि इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम भाषेत तर कुत्र्यासाठी ‘डॉग’ असाच शब्द होता. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने त्याचा मागोवा घेतला, तेव्हा तो ‘गुडागा’ या जुन्या ऑस्ट्रेलियन रूपापासून त्या भाषेच्या स्वतःच्या उच्चारबदलांनी बनलेला निघाला. इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट आर्मेनियन ‘एर्कु’ आणि मराठी ‘दोन’ यांच्यात साम्य दिसत नाही, तरी दोन्ही एकाच मूळ संख्यावाचकातून आलेले आहेत.

म्हणून कुळ ठरवताना भाषाशास्त्र साम्यापेक्षा नियमितपणाला महत्त्व देते. मराठीत जिथे आरंभी ‘द’ आहे तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो: दोन–टू, दहा–टेन, दात–टूथ. मराठीत ‘त’ आहे तिथे इंग्रजीत ‘थ’ येतो: तीन–थ्री, तहान–थर्स्ट. हे शब्द ऐकायला फारसे सारखे नाहीत, पण फरक प्रत्येक वेळी त्याच रीतीने पडतो. योगायोगाने एखादा शब्द जुळतो, पण असा नियम शब्दामागून शब्द पाळला जात नाही.

अतिदूरचे नाते सांगणाऱ्या मांडण्यांत नेमका हा नियम नसतो. मेरिट रूलेन आणि जॉन बेंग्टसन यांनी १९९४ साली जगातल्या सर्व भाषांच्या समान पूर्वजाचे अवशेष म्हणून २७ शब्द मांडले. त्यांतला सर्वांत गाजलेला ‘तिक’, अर्थ ‘बोट’ किंवा ‘एक’. त्याच्याखाली एस्किमो भाषांतला तर्जनीवाचक ‘तिकिक’, लॅटिनमधला बोटवाचक ‘दिगितुस’, ‘दाखवणे’ या अर्थाचा मूळ इंडो-युरोपीय धातू ‘देइक्’ आणि इतर खंडांतले अनेक शब्द येतात. मराठीतली ‘दिशा’ही या ‘देइक्’मधूनच आलेली, म्हणजे या यादीत मराठीलाही जागा आहे. एवढ्या दूरदूरच्या भाषांतली ही रांग पाहून वाचक थक्क होतो. पण थक्क होण्याआधी एक हिशेब करायला हवा: काहीही नाते नसते, तर अशी किती रूपे आपोआप सापडली असती?

सोपे गृहीत धरू. दोन भाषांत प्रत्येकी १४ व्यंजने आहेत, सगळी सारख्याच प्रमाणात वापरली जातात आणि शब्द ‘व्यंजन–स्वर–व्यंजन’ अशा घडणीचे आहेत. स्वर कोणताही चालेल, पण दोन्ही व्यंजने हुबेहूब तीच हवीत, असे म्हटले तर एका अर्थाचे दोन शब्द जुळण्याची शक्यता १९६ मध्ये एक. शंभर अर्थ तपासले तर जेमतेम अर्धा शब्द जुळेल. इथवर योगायोगाला फारसा वाव नाही.

आता ‘तिक’च्या यादीत घेतलेल्या सवलती पाहू. ‘त’ऐवजी ‘द’ चालतो, ‘क’ऐवजी ‘ग’ चालतो. प्रत्येक जागी १४ पैकी तीन व्यंजने चालतात असे धरले, तर १९६ मध्ये एक ही शक्यता १९६ मध्ये नऊ होते, म्हणजे साधारण साडेचार टक्के. अर्थातही सैलपणा आहे: बोट, तर्जनी, पायाचे बोट, हात, एक, दाखवणे. असे दहा अर्थ चालवले, तर एका भाषेत निदान एक ‘जुळणारा’ शब्द मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांवर जाते. त्यात प्रत्येक कुळातल्या वीस भाषांपैकी कोणतीही एक पुरे, अशी मुभा दिली की दोनशे वेळा डाव टाकल्यासारखे होते. त्या कुळातून काहीच हाती न लागण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी उरते. प्रत्येक सवलत एकेकटी पाहिली तर वाजवी वाटते. पण सवलतींचा गुणाकार होतो, आणि खरी फसगत तिथेच आहे. इतक्या सैल अटींवर ‘तिक’ प्रत्येक खंडात सापडला नसता, तरच नवल वाटायला हवे होते.

प्रत्यक्षात कोणत्याही भाषेतली व्यंजने सारख्या प्रमाणात वापरली जात नाहीत, त्यामुळे असा कागदी हिशेब स्थूलच राहतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डॉन रिंज यांनी १९९२ साली योगायोगाचे प्रमाण मोजण्याची पद्धत तपशिलाने मांडली. त्यांच्या गणितातल्या उणिवा नंतर इतरांनी दाखवल्या, पण प्रश्न मात्र सर्वांना मान्य झाला. त्यावरची एक साधी चाचणी रॉबर्ट ऑस्वाल्ट यांनी १९७० मध्येच सुचवली होती. शंभर मूलभूत अर्थांची एक यादी दोन्ही भाषांत करायची आणि जुळणी म्हणजे काय हे आधीच ठरवून टाकायचे. मग एका भाषेची यादी एक घर खाली सरकवायची, म्हणजे ‘पाणी’ समोर ‘पाणी’ न येता दुसराच काही शब्द येईल, आणि जुळण्या मोजायच्या. अशी यादी ९९ वेळा सरकवता येते. अर्थच जुळत नसल्यामुळे या सगळ्या जुळण्या निव्वळ योगायोगाच्या असतात आणि दोन्ही भाषांची खरी व्यंजने त्यात आपोआप धरली जातात. मूळ जागेवरची जुळणी या ९९ आकड्यांच्या वर स्पष्टपणे उठून दिसली, तरच नात्याची चर्चा सुरू करावी. त्यातही ‘आई’, ‘बाबा’ यांसारखे बाळबोलीतले शब्द, आवाजावरून पडलेली नावे आणि उसने शब्द आधीच काढून टाकावे लागतात.

ही कसोटी नात्याविरुद्ध आधीच झुकलेली आहे, असा आक्षेप घेता येत नाही. विल्यम बॅक्स्टर आणि अॅलेक्सिस मनास्टर रॅमर यांनी याच धर्तीची चाचणी हिंदी आणि इंग्रजीच्या एका छोट्या यादीवर लावली, तेव्हा योगायोगापलीकडचे नाते दिसून आले. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भाषांचे खरे नाते छोट्या यादीतूनही निसटले नाही.

मात्र या पद्धतीला काळाची मर्यादा आहे. मॉरिस स्वॉडेश यांच्या अंदाजाप्रमाणे शंभर मूलभूत शब्दांपैकी हजार वर्षांत सुमारे ८६ टिकतात. हा दर सर्व भाषांना सारखा लागू पडत नाही, पण चित्र समजायला उपयोगी आहे. दोन भाषा वेगळ्या होऊन सहा हजार वर्षे झाली, तर दोघींत समान वारसा म्हणून साधारण १६ शब्द उरतात, आणि दहा हजार वर्षांनी पाच. १४ व्यंजनांच्या वरच्या नमुन्यात नुसते पहिले व्यंजन जुळवले, तर शंभर शब्दांत सात योगायोगानेच जुळतात. पाच खरे शब्द सात खोट्यांत मिसळले की ते वेगळे काढता येत नाहीत. त्यातच खरे शब्दही ‘एर्कु’सारखे ओळखू न येण्याइतके बदललेले असतात.

जगातल्या सगळ्या भाषा एकाच मुळातून निघाल्या नाहीत, असे या हिशेबातून सिद्ध होत नाही. तसे झाले असेलही. पण त्याचा पुरावा म्हणून ‘तिक’सारखी यादी उपयोगाची नाही, आणि बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांनी ते २७ शब्द पुरावा म्हणून स्वीकारलेले नाहीत.