ॲप काढून टाकणारा शेतकरी हिशेबात कुठे दिसतो?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके 14. अकोले तालुक्याच्या डोंगरात भाताची लावणी चालू असते, तेव्हा जामखेडला अजून पेरणीजोग्या पावसाची वाट पाहणे चालू असू शकते. कांद्याचेही तसेच. कोणी माल घोडेगावला नेतो, कोणी नेप्तीला, कोणी राहाता किंवा राहुरीला. घोडेगावच्या शेतकऱ्याला राहात्याचा भाव कधीमधी पाहायला आवडेल, पण दिवसातून सहा वेळा फोन वाजवून तो सांगितला, तर तो एक दिवस ॲपच काढून टाकेल.

समजा, नगर शहरातल्या एका छोट्या कंपनीने बाजारभावाचे असे ॲप चालवले आहे आणि तिथल्या एका डेव्हलपरला आपल्या मॅनेजर मॅडमना पटवायचे आहे की नोटिफिकेशन कमी करावीत. पुढचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत. हिशेबाची रीत मात्र खरीच आहे.

पहिली अडचण अशी, की कार्यालयातल्या रोजच्या तक्त्यात फायदा दिसतो आणि तोटा दिसत नाही. संदेश गेला की काही लोक तो उघडतात आणि तो आकडा त्याच संध्याकाळी तक्त्यात चढतो. दोनाऐवजी सहा संदेश पाठवले तर एकूण उघडण्या वाढणारच. ॲप काढणारा माणूस मात्र कंपनीला काही कळवत नाही. अँड्रॉइडवर संदेश पोहोचवणाऱ्या गूगलच्या सेवेला प्रत्येक फोनमधल्या ॲपसाठी एक ओळखखूण, म्हणजे टोकन, लागते. ॲप काढल्यावर त्या टोकनला संदेश पाठवला, की काही वेळाने `UNREGISTERED` असे उत्तर येते. गेलेला माणूस कंपनीला कळतो तो असा, पुढचा संदेश पाठवताना.

त्याहून गुपचूप होणारा तोटा म्हणजे ॲप ठेवून नोटिफिकेशन बंद करणे. 2017च्या अँड्रॉइड 8पासून ॲपला संदेशांचे वेगवेगळे चॅनेल करता येतात आणि वापरणाऱ्याला नको तो चॅनेल बंद करता येतो. 2022च्या अँड्रॉइड 13पासून तर नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते. वापरणाऱ्याने दोनदा नाही म्हटले, की ॲपला तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. ज्या कंपनीने सगळे संदेश एकाच चॅनेलमध्ये कोंबले, तिची जाहिरात बंद करताना शेतकरी गारपिटीचा इशाराही बंद करतो.

मग कमी संदेशांनी लोक टिकतात हे सिद्ध कसे करायचे? जुन्या नोंदी काढून ‘जास्त संदेश मिळालेल्यांनी ॲप जास्त काढले’ असे दाखवणे सोपे आहे, पण ते फसवे आहे. ज्यांनी पाच बाजार निवडले त्यांना संदेश जास्त जातात, आणि मुळात तेच लोक जास्त उत्साही असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात खताची मात्रा तपासताना कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच मात्रेच्या वाट्याला जात नाही. इथेही तेच करायचे.

आपल्या डेव्हलपरने 8,000 वापरणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन सारखे गट केले. एका गटाला पूर्वीसारखे रोज सहा संदेश, दुसऱ्याला दोन. 30 दिवसांनी पहिल्या गटातल्या 4,000पैकी 480 जणांनी ॲप काढलेले निघाले, म्हणजे 12 टक्के. दुसऱ्यात 360, म्हणजे 9 टक्के. फरक 3 टक्क्यांचा. योगायोगाने येणाऱ्या चढउताराचा हिशेब केला, तर खरा फरक साधारण 1.7 ते 4.3 टक्क्यांच्या दरम्यान असावा असे म्हणता येते. शून्य या पट्ट्यात येत नाही, म्हणून निष्कर्ष धरण्याजोगा. प्रत्येक गटात 100च माणसे असती आणि 12 व 9 जण गेले असते, तर टक्केवारी हीच राहून पट्टा उणे 5.5पासून अधिक 11.5पर्यंत पसरला असता. त्यावरून काहीच ठरत नाही.

पण या प्रयोगात एक खोच आहे आणि ती भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. ॲप काढल्याचे संदेश पाठवतानाच कळते. ज्या गटाला संदेश कमी, त्याच्यातले गेलेले लोक उशिरा सापडतात. म्हणजे कमी संदेशांचा गट आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. यावर उपाय असा, की महिना संपल्यावर दोन्ही गटांतल्या प्रत्येक टोकनला एकाच दिवशी, पडद्यावर न दिसणारा संदेश पाठवायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाठवायचा, आणि त्यानंतरच मोजणी करायची. ज्यांनी ॲप काढून पुन्हा घेतले त्यांचे टोकन बदललेले असते. त्यांना मोबाइल क्रमांकावरून ओळखून गेलेल्यांच्या यादीतून वगळायचे.

आता संदेश अजिबात बंदच का करू नयेत? 2019मध्ये निकोलस फिट्झ, कोस्टाडिन कुशलेव्ह आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 237 स्मार्टफोन वापरणाऱ्यांवर दोन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकत्र मिळाली त्यांचे लक्ष आणि मन अधिक ठिकाणावर राहिले. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांची मात्र चिंता वाढली, काहीतरी हुकते आहे असे वाटू लागले. त्या प्रयोगात ॲप काढण्याची मोजणी नव्हती, म्हणून तो आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर देत नाही. पण ‘शून्य’ हा पर्याय का नको, हे त्यातून कळते.

मॅडमची खरी भीती उघडण्यांचा आकडा पडेल ही असणार, आणि तो पडेलच. फेसबुकच्या विश्लेषकांनी 2022मध्ये आपल्या अशाच प्रयोगाबद्दल लिहिले आहे. संदेश कमी केल्यावर सुरुवातीला वापर घटला, पण प्रयोग लांबवल्यावर तो भरून आला आणि पुढे वाढला. प्रयोग लवकर गुंडाळला असता, तर उलटा निष्कर्ष निघाला असता. म्हणून मी त्या डेव्हलपरच्या जागी असतो, तर टिपण असे लिहिले असते:

“मॅडम, रोज सहाऐवजी दोन नोटिफिकेशन पाठवलेल्या गटात महिन्याभरात 12ऐवजी 9 टक्के लोकांनी ॲप काढले. दोन्ही गटांची मोजणी एकाच दिवशी केली आहे. एकूण उघडण्या कमी झाल्या आहेत, पुढेही काही आठवडे कमी दिसतील. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ॲप उघडणारे किती, हा आकडा आपण मुख्य धरावा. प्रस्ताव असा: लिलावाच्या दिवशी शेतकऱ्याने निवडलेल्या बाजाराचा भाव एकदा, लिलाव संपल्यावर. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो त्याच दोन दिवशी. वीज किंवा गारपिटीच्या इशाऱ्याला मर्यादा नको, पण तो फक्त त्या तालुक्यापुरता आणि वेगळ्या चॅनेलमधून. जाहिरातीचा चॅनेल निराळा, आठवड्यातून एक. तीन महिने दहा टक्के लोकांना जुन्याच पद्धतीवर ठेवू, म्हणजे तुलना चालू राहील. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आठवड्याला ॲप उघडणाऱ्यांचे प्रमाण जुन्या गटात जास्त निघाले, तर हा बदल मी मागे घेईन.”