मागची रांग कोणाची?

पालकांना सप्रेम नमस्कार,

स्नेहसंमेलनातल्या समूहगानासाठी मुलांच्या तीन रांगा केल्या आहेत. ‘आमची मुलगी मागे का?’ असं काहींनी विचारलं, म्हणून हे पत्र.

उंची शेवटी पाहिली, आधी आवाज ऐकले. अंतऱ्यात दोन सुरावटी एकाच वेळी चालतात. वरची सुरावट कानात चटकन बसते आणि खालची गाणारी मुलं नकळत तिकडे ओढली जातात. म्हणून खालच्या सुरावटीची मुलं पेटीच्या बाजूला एकत्र उभी केली आहेत, आणि त्यांच्यातली सुराला पक्की असलेली मुलं मागच्या रांगेत. मागून आलेला सूर पुढच्यांच्या थेट कानावर पडतो. पुढच्यांचा मागे तितका पोचत नाही. मागच्या रांगेवर माझी सगळी भिस्त आहे.

आठवीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतो आहे, ती कडेला आहेत. वरचा सूर लागला नाही तर ती ओळ सोडा, ताणू नका, असं त्यांना बजावलं आहे.

दोघांत वीतभर अंतर ठेवलं आहे. दाटीत स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की मुलं ओरडू लागतात.

मागची रांग बाकांवर उभी राहील, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे दिसतील. कार्यक्रमाच्या दिवशी कृपया जागा बदलून मागू नका.

आपली,
संगीत शिक्षिका