‘कळवतो’ म्हणजे नक्की काय?

माझ्या भाचीला पुण्यातल्या दोन कंपन्यांकडून एकाच आठवड्यात नकाराच्या मेल आल्या. पहिली गोडच गोड: ‘तुमची गुणवत्ता भावली, प्रोफाइल आमच्याकडे जपून ठेवू.’ खाली कुणाचं नाव नाही, पत्ता नो-रिप्लायचा. दुसरी दोन ओळींची, जरा रुक्षच: ‘या जागेसाठी अनुभवी माणूस घेतला. तुमचं टेस्टिंगचं उत्तर चांगलं होतं. जूनमध्ये ज्युनिअरची जागा निघेल, तेव्हा मला लिहा.’ खाली मॅनेजरचं नाव.

पोरगी पहिलीवर खूश होती! पण तसली मेल भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयारच असते. ‘नापसंत’वर क्लिक केलं की सगळ्यांना तीच जाते. दुसरी मात्र कुणीतरी मुलाखत आठवून, हातानं लिहिलेली.

खरा घोळ ‘निर्णय अजून व्हायचाय’ या मेलचा. आपल्याकडे नोटीस पीरियड अनेकदा दोन-तीन महिन्यांचा. पहिल्या पसंतीचा उमेदवार ऑफर घेऊन ऐनवेळी फिरतो, म्हणून दुसऱ्याला ताटकळत ठेवतात. म्हणजे रस खरा असतो, पण दुसऱ्या नंबरचा. पगाराच्या स्लिपा, रुजू होण्याची तारीख मागितली तर गाडी पुढे सरकतेय, तरीही ती ऑफर नव्हे.

अशा वेळी एकच प्रश्न विचारा: ‘पुढची फेरी कधी?’ तारीख आली तर थांबा. ‘लवकरच कळवू’ आलं, तर दुसरीकडे अर्ज टाका.