हेअर कार्ड: अल्फाचा क्रम आणि केसांवरची चमक

डेप्थ बफर, अल्फा ब्लेंडिंग आणि ब्लिन-फॉंग प्रकाशगणित तुम्ही आधी शिकला आहात, असे या पाठात गृहीत धरले आहे. रिअल-टाइम ग्राफिक्समध्ये केस दाखवताना हे तिन्ही विषय एकत्र येतात. डेप्थ बफर आणि ब्लेंडिंग यांचे तर आपसात पटत नाही. ते न पटणे नेमके कुठे घडते आणि थोडक्या खर्चात त्यातून वाट कशी काढतात, ते आपण पाहू.

1. कार्ड कशासाठी?

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. एका केसाची जाडी साधारण 0.07 मिमी धरा. समजा चेहरा पडद्यावर मोठा दिसतो आहे आणि 25 सेंमी उंचीचे डोके 1000 पिक्सेल व्यापते आहे. म्हणजे एक पिक्सेल झाला 0.25 मिमीचा. इतक्या जवळून पाहिले तरी एक केस पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही बारीक भरतो. मग प्रत्येक केसाची वेगळी भूमिती करून मिळणारे बरेचसे पिक्सेलच्या आतच हरवून जाते.

म्हणून खेळांमध्ये केसांच्या बटा अरुंद, वाकलेल्या पट्ट्यांवर चितारतात. या पट्टीला हेअर कार्ड म्हणतात. एका कार्डावर वीस-तीस केसांचे चित्र असते. जिथे केस आहे तिथे टेक्स्चरचा अल्फा 1 च्या जवळ असतो, मोकळ्या जागी 0 आणि कडांना व टोकांना मधला. हा मधला अल्फा केस पारदर्शक असल्याचे सांगत नाही. पिक्सेलचा किती भाग केसाने झाकला आहे, एवढेच तो सांगतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा मार्ग त्याच्यावरच उभा आहे.

2. क्रम चुकला की काय होते?

एका पिक्सेलचे गणित हातानेच करू. मागे उजळ आकाश आहे, त्याची तीव्रता 1.0. त्याच्या पुढे कार्ड ब: रंग 0.3, अल्फा 0.5. सर्वांत पुढे कार्ड अ: रंग 0.1, अल्फा 0.6.

बरोबर क्रम मागून पुढे. आधी ब काढले की 0.5 × 0.3 + 0.5 × 1.0 = 0.65. त्यावर अ काढले की 0.6 × 0.1 + 0.4 × 0.65 = 0.32. हे आपले खरे उत्तर.

आता अ आधी काढा, पण डेप्थ लिहू नका. पहिल्यांदा 0.06 + 0.4 = 0.46 येते. त्यावर ब बसते आणि 0.15 + 0.23 = 0.38 मिळते. उत्तर चुकले, पण फार नाही.

तिसरी शक्यता म्हणजे अ आधी काढले आणि त्याची डेप्थही लिहिली. मग ब डेप्थ चाचणीत नापास होते आणि पिक्सेल 0.46 वरच थांबतो. अ आणि आकाश यांच्या मधले कार्ड जणू नव्हतेच! काळ्याभोर केसांच्या मधोमध आकाशाच्या रंगाच्या बारीक रेघा चमकताना दिसतात त्या यामुळेच. केस जितके गडद आणि मागची बाजू जितकी उजळ, तितका हा दोष जास्त डोळ्यात भरतो.

अशी उजळ किनार दिसली की लगेच क्रमाला दोष देऊ नका. टेक्स्चरमध्ये अल्फा 0 असलेल्या जागी पांढरा रंग राहिला असेल, तर फिल्टरिंगमध्ये तो पांढरा रंग शेजारच्या केसांत मिसळतो आणि किनार जवळजवळ तशीच दिसते. दोन्हींतला फरक ओळखायला पार्श्वभूमी भडक गुलाबी करून पाहा. किनारही गुलाबी झाली तर दोष क्रमाचा. ती पांढरीच राहिली तर दोष टेक्स्चरचा, आणि मोकळ्या जागेत केसांचाच रंग पसरवून भरला की तो जातो.

3. मग सगळे त्रिकोण क्रमाने का लावत नाही?

कारणे दोन. पहिले खर्चाचे: संपूर्ण केस एकाच मेशमध्ये असतात, आणि कॅमेरा किंवा डोके हलले की हजारो त्रिकोणांचा क्रम नव्याने लावून इंडेक्स बफर पुन्हा पाठवावा लागतो. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. दोन कार्डे एकमेकांतून आरपार गेली असतील, तर अर्ध्या भागात अ पुढे असते आणि अर्ध्या भागात ब. त्रिकोण पूर्ण ठेवून अशा जोडीला बरोबर क्रम देताच येत नाही. केस दाट दिसावेत म्हणून कलाकार कार्डे मुद्दाम एकमेकांत घुसवतात, त्यामुळे हा प्रसंग अपवादाचा नसून रोजचा आहे.

4. चार फेऱ्यांची पद्धत

एटीआय कंपनीत काम करणारे थॉर्स्टन शॉयरमान यांनी 2004 मध्ये सिग्राफ परिषदेत मांडलेला मार्ग आजही शिकण्यासारखा आहे. त्यात क्रमाचा प्रश्न पूर्ण सोडवलेला नाही. जिथे क्रम लागतो असे पिक्सेलच कमी केले आहेत.

तयारी एकदाच करायची: मेश बनवताना कार्डे आतून बाहेर या क्रमाने इंडेक्स बफरमध्ये लावून ठेवायची. डोक्याला चिकटलेला थर आधी, सर्वांत बाहेरचा थर शेवटी. डोक्याच्या आपल्याकडील बाजूला आतून बाहेर म्हणजेच मागून पुढे, म्हणून हा कायमचा क्रम बहुतेक ठिकाणी चालून जातो. त्यानंतर दर फ्रेमला चार फेऱ्या होतात.

पहिल्या फेरीत रंग लिहायचा नाही, फक्त डेप्थ लिहायची, आणि तीही अल्फा जवळजवळ 1 असलेल्या पिक्सेलची. उदाहरणार्थ 0.9 च्या खालचे सगळे टाकून द्यायचे. कार्डाच्या दोन्ही बाजू काढायच्या.

दुसऱ्या फेरीत डेप्थ चाचणी «समान» ठेवून रंग काढायचा. त्यामुळे पूर्ण झाकलेल्या पिक्सेलपैकी सर्वांत पुढचा तेवढाच रंगतो आणि महाग शेडर झाकल्या गेलेल्या केसांसाठी चालत नाही.

तिसऱ्या फेरीत कार्डांच्या फक्त मागच्या बाजू ब्लेंड करायच्या. डेप्थ चाचणी «कमी», डेप्थ लिहिणे बंद. डोक्याच्या पलीकडच्या बाजूचे विरळ केस इथे येतात.

चौथ्या फेरीत पुढच्या बाजू ब्लेंड करायच्या, चाचणी «कमी» आणि डेप्थ लिहिणे चालू. आतून बाहेरचा क्रम खरा उपयोगी पडतो तो इथे.

वरच्या उदाहरणाकडे परत या. त्या पिक्सेलमध्ये ब चा अल्फा 0.95 असता, तर ते दुसऱ्या फेरीतच बसले असते आणि अ चे विरळ टोक नंतर त्यावर बरोबर मिसळले असते, इंडेक्स बफरमध्ये त्यांचा क्रम काहीही असो. चूक व्हायला दोन्ही कार्डे त्याच पिक्सेलमध्ये विरळ असावी लागतात, आणि शिवाय त्यांचा क्रमही उलटा असावा लागतो. अशी ठिकाणे बहुधा टोकांजवळ राहतात.

करताना एक चूक हमखास होते. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे व्हर्टेक्स शेडर वेगळे असतील, तर स्थानाच्या गणितात शेवटच्या बिटाचा फरक पडतो, «समान» चाचणी अधूनमधून नापास होते आणि केसांवर भोके ठिपक्यांसारखी लुकलुकतात. दोन्हींत स्थानाचे गणित अक्षरशः तेच ठेवा. जीएलएसएलमध्ये दोन्ही शेडरांत `invariant gl_Position;` लिहा.

मर्यादाही पाहा. लांब वेणी झुलून खांद्यावरून पुढे आली की «आतला» थर बाहेर येतो आणि आधी लावलेला क्रम खोटा ठरतो. अशा वेळी अल्फाप्रमाणे पिक्सेल ठिपक्यांनी गाळून, टेम्पोरल अँटी-अलायझिंगने ते अनेक फ्रेमांत मिसळण्याचा मार्ग घेतात. त्याला क्रम लागतच नाही, पण हालचालीत केस दाणेदार दिसतात किंवा मागे सावट सोडतात.

5. केसांवरची चमक

कार्ड सपाट असते. त्यावर ब्लिन-फॉंगची चमक टाकली की गोल डाग पडतो आणि पट्टी प्लास्टिकची वाटते. केस हा बारीक दंडगोल आहे, त्याला एकच नॉर्मल नाही. जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी 1989 मध्ये नॉर्मलऐवजी केसाची दिशा, म्हणजे टँजंट T, वापरली. हाफ-व्हेक्टर H हा T ला काटकोनात असला की चमक सर्वाधिक. म्हणजे N आणि H यांच्या कोसाइनऐवजी T आणि H मधल्या कोनाचा साइन घ्यायचा. शेजारी शेजारी असलेल्या सगळ्या केसांवर हा काटकोन जवळपास एकाच उंचीवर जुळतो, म्हणून डागाऐवजी आडवा पट्टा उमटतो.

खऱ्या केसांवर असे दोन पट्टे असतात. पहिला पृष्ठभागावरून थेट परावर्तित होतो, प्रकाशाच्याच रंगाचा असतो आणि टोकाकडे थोडा सरकलेला असतो. दुसरा केसाच्या आत शिरून मागच्या भिंतीवरून परत येतो. त्याला केसाचा रंग चढतो आणि तो मुळाकडे सरकतो. हे सरकणे स्वस्तात साधायचे तर T ला नॉर्मलच्या दिशेने किंचित झुकवायचे:

```
float strandSpec(vec3 T, vec3 H, float p)
{
    float d = dot(T, H);
    return pow(sqrt(max(0.0, 1.0 - d * d)), p);
}

vec3 T1 = normalize(T + (0.10 + n) * N);
vec3 T2 = normalize(T + (-0.10 + n) * N);
float fade = clamp(0.25 + 0.75 * dot(N, L), 0.0, 1.0);
vec3 spec = fade * (0.3 * strandSpec(T1, H, 80.0) * lightCol
          + 0.5 * strandSpec(T2, H, 20.0) * lightCol * hairCol);
```

इथे T मुळाकडून टोकाकडे आहे. 0.10 म्हणजे सुमारे 5.7 अंशांचा झुकाव. घातांक 80 असताना चमक काटकोनापासून साधारण 7.5 अंशांवर निम्मी होते, 20 असताना 15 अंशांवर. म्हणून पहिला पट्टा अरुंद आणि दुसरा रुंद. `fade` नसेल तर डोक्याच्या अंधाऱ्या बाजूलाही चमक दिसते, कारण साइनला पुढची आणि मागची बाजू कळत नाही. `n` हे टेक्स्चरमधून आलेले लहान मूल्य, समजा −0.05 ते 0.05. ते एका केसावरून दुसऱ्या केसावर बदलले पाहिजे, पण केसाच्या लांबीवर जवळजवळ स्थिर हवे. त्यानेच पट्ट्याची कड केसागणिक वरखाली होते आणि सपाट कार्डावर सुटे केस भासतात.

काळ्या केसांसाठी `hairCol` अगदी लहान असतो, म्हणून दुसरा पट्टा जवळजवळ दिसत नाही. तो उजळावा म्हणून गुणक वाढवू नका. खऱ्या काळ्या केसांतही आत शिरलेला प्रकाश बहुतेक शोषलाच जातो.

एक सापळा शेवटी. काही कार्डांचे यूव्ही उलटे असतील, तर त्यांचा T टोकाकडून मुळाकडे जातो. सरकवणे शून्य असेपर्यंत दोष दिसत नाही, कारण साइन T च्या चिन्हाकडे पाहत नाही. सरकवणे सुरू केले की त्या कार्डांवर पट्टा उलट दिशेने जातो आणि चमक फाटल्यासारखी दिसते. T लाच रंग म्हणून पडद्यावर छापा, उलटी कार्डे शेजाऱ्यांहून वेगळ्या रंगात लगेच सापडतील.

स्वाध्याय

1. कार्ड अ चा अल्फा 0.95 आणि ब चा 0.5 असताना, विभाग 2 मधली तिन्ही उत्तरे पुन्हा काढा. चुकीच्या क्रमाने पडणारा फरक आता किती राहिला?

2. पहिल्या फेरीतली मर्यादा 0.9 वरून 0.4 वर आणली तर केसांची टोके कशी दिसतील? क्रमाच्या चुका वाढतील की घटतील? कारण लिहा.

3. वर्तुळाकार डोके आणि आडवा H घेऊन दाखवा, की T मुळाकडून टोकाकडे असताना धन झुकाव चमक टोकाकडे नेतो.